निवड शक्य होती, केली नाही : नॉटपेट्या आणि युद्धनियमांचा पेच

२७ जून २०१७, मंगळवार. युक्रेनचा संविधान दिन दुसऱ्या दिवशी, म्हणजे २८ जूनला होता, त्यामुळे कीव्हमधली बरीच कार्यालये सुट्टीच्या तयारीत होती. दुपारी बारानंतर बँका, सरकारी खाती, वीज कंपन्या आणि रुग्णालये यांचे संगणक एकामागून एक बंद पडू लागले. पडद्यावर लाल अक्षरांत मजकूर यायचा: तुमच्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत, ३०० डॉलरचे बिटकॉइन पाठवा. चेर्नोबिलच्या किरणोत्सर्गाची मोजणी कर्मचाऱ्यांना हाताने करावी लागली. संध्याकाळ व्हायच्या आत हेच दृश्य कोपनहेगन, न्यू जर्सी आणि न्हावा शेव्यातही दिसू लागले.

या हल्ल्याला पुढे नॉटपेट्या हे नाव पडले आणि अमेरिका-ब्रिटनने त्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला. अमेरिकी सरकारच्या अंदाजानुसार जगभरातले नुकसान १० अब्ज डॉलरच्या वर गेले. आकडा प्रचंड आहेच, पण या प्रकरणात शिकण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. हल्लेखोरांना कोणत्या संस्थेवर घाव घालायचा आणि कोणती वगळायची, हे ठरवता येत होते. तशी सोय त्यांनीच बांधली होती. प्रत्यक्ष हल्ल्याच्या दिवशी त्यांनी ती वापरली नाही. राष्ट्राराष्ट्रांतल्या सायबर हल्ल्यांना कोणते नियम लागू होतात, हा वाद अखेर या एका निर्णयापाशी येऊन थांबतो.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून शिरकाव

एम.ई.डॉक हे युक्रेनमधले करविवरणे भरण्याचे आणि हिशेबाची कागदपत्रे पाठवण्याचे सॉफ्टवेअर. आपल्याकडे छोट्या दुकानापासून मोठ्या कारखान्यापर्यंत टॅली दिसते, तसे तिथे हे. देशात कार्यालय असलेल्या परदेशी कंपन्याही कर भरण्यासाठी तेच वापरत. ते बनवणारी कंपनी कीव्हमधली, कुटुंबाच्या मालकीची आणि आकाराने लहान होती. अशा कंपनीचा अपडेट सर्व्हर हाती आला की देशातल्या जवळजवळ सगळ्या व्यवसायांच्या आतले दार आपोआप उघडते, कारण अपडेट आला की संगणक तो विश्वासाने घेतो.

हल्लेखोर या सर्व्हरपर्यंत महिनोन्महिने आधी पोचले होते. १४ एप्रिल, १५ मे आणि २२ जून २०१७ रोजी निघालेल्या तीन अपडेटमध्ये `ZvitPublishedObjects.dll` या घटकात त्यांचा चोरदरवाजा होता. ही नंतर एखाद्या फाइलला चिकटवलेली भर नव्हती. मूळ प्रोग्रॅमचा सोर्स कोड हाताशी असल्याशिवाय इतक्या सफाईने काम होत नाही, असा निष्कर्ष ईसेट या स्लोव्हाक कंपनीच्या तज्ज्ञांनी काढला. मधल्या काही अपडेटमध्ये हा घटक नव्हता. म्हणून एखाद्या आवृत्तीची तपासणी करून ती स्वच्छ निघाली, तरी त्यावरून पुढची आवृत्तीही स्वच्छ असेल असे धरता येत नव्हते.

या चोरदरवाज्याची वागणूक नीट समजून घ्यायला हवी. तो स्वतःच्या वेगळ्या सर्व्हरशी बोलत नव्हता. एम.ई.डॉक नेहमीप्रमाणे अपडेट आहे का विचारायला कंपनीच्याच सर्व्हरकडे जाई, त्याच विनंतीतल्या कुकीमध्ये हा आपली माहिती घालून पाठवी. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या रहदारीवर नजर ठेवणाऱ्याला वावगे काहीच दिसत नसे. पाठवल्या जाणाऱ्या माहितीत ईडीआरपीओयू क्रमांक होता. युक्रेनमधल्या प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला हा क्रमांक मिळतो. आपल्या पॅन किंवा जीएसटी क्रमांकासारखा तो त्या संस्थेची ओळख असतो. सोबत ईमेलचे वापरकर्तानाव, पासवर्ड आणि प्रॉक्सीची माहितीही जाई. उलट दिशेने येणाऱ्या आज्ञा मोजून सहा: आज्ञा चालवणे, माहिती गोळा करणे, फाइल उचलणे, एखादा प्रोग्रॅम उतरवून चालवणे, अशा.

म्हणजे कोणत्या संगणकामागे कोणती संस्था आहे, हे हल्लेखोरांना नावानिशी कळत होते. अमुक क्रमांक असेल तरच पुढे जा, ही अट घालायला दोन-चार ओळी पुरल्या असत्या.

२७ जूनची दुपार

तपास करणाऱ्या, सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा पथकाला सर्व्हरच्या नोंदींमधून जवळजवळ मिनिटामिनिटाचा घटनाक्रम मिळाला. कंपनीच्या संकेतस्थळावर ३१ मेची वेळ असलेली, सर्व्हरवर दुरून आज्ञा चालवू देणारी एक वेबशेल फाइल लपवलेली होती. २७ जूनला कीव्हच्या घड्याळात दुपारचे बारा वाजायला आले असताना कोणीतरी चोरलेल्या प्रशासक खात्याने सर्व्हरवर लॉगिन केले, रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवले आणि एनजिनएक्स या वेब-सर्व्हर प्रोग्रॅमची मांडणी बदलली. बदल इतकाच, की अपडेट मागायला येणारी प्रत्येक विनंती परदेशातल्या एका भाड्याच्या सर्व्हरकडे वळावी. सव्वाबाराच्या सुमारास हे वळण सुरू झाले. साडेतीनला मूळ मांडणी पुन्हा जागेवर होती. त्याच रात्री परदेशातला तो सर्व्हर पुसून टाकला गेला.

हे वळण सव्वातीन तास चालले. त्या वेळात अपडेट विचारायला आलेल्या संगणकांवर `perfc.dat` नावाची फाइल उतरली आणि या आज्ञेने चालू झाली:

```
rundll32.exe C:\Windows\perfc.dat,#1
```

पुढचा प्रसार दोन वाटांनी झाला आणि दोन्ही वाटा एकमेकींना पूरक होत्या. पहिली वाट इटर्नलब्लू आणि इटर्नलरोमान्स या दोन शस्त्रांची. विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या त्रुटींवर बेतलेली ही साधने अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडून गळती होऊन एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आली होती. मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच त्या बुजवणारा पॅच दिला होता आणि मे महिन्यातल्या वॉनाक्राय या खंडणीच्या व्हायरसनंतर अनेकांनी तो बसवलाही होता. तरी ते वाचले नाहीत, कारण दुसरी वाट पॅचला दाद देत नव्हती. नॉटपेट्या संगणकाच्या स्मृतीत पडून असलेले लॉगिन तपशील काढून घेई आणि ते वापरून पीएसएक्झेक व डब्ल्यूएमआय या प्रशासकांच्या रोजच्या साधनांनी शेजारच्या यंत्रांवर जाई. कार्यालयातल्या शंभरांपैकी नव्व्याण्णव संगणकांना पॅच असला आणि उरलेल्या एकावर सगळ्या जाळ्याचे अधिकार असलेल्या डोमेन प्रशासकाने कधीतरी लॉगिन केलेले असले, की त्या एकातून बाकीचे नव्व्याण्णव मिळत.

यंत्रावर ताबा आल्यावर तो ठराविक प्रकारच्या फायलींचा सुरुवातीचा भाग कुलूपबंद करी आणि साधारण तासाभराच्या आत यंत्र पुन्हा सुरू होईल अशी वेळ लावून ठेवी. पुन्हा सुरू झाल्यावर दिसणारा डिस्क तपासणीचा पडदा खोटा होता. त्याच्या आड डिस्कवरच्या सर्व फायलींची मुख्य सूची कुलूपबंद होत असे. हा पडदा ओळखून ज्यांनी त्या क्षणी वीज तोडली, त्यांना बरीचशी सूची वाचवता आली, मात्र आधी गेलेल्या फायली गेल्याच.

पहिल्याच दिवशी एक साधी लसही सापडली. आपण या यंत्रावर आधीच चाललो आहोत का, हे पाहण्यासाठी नॉटपेट्या स्वतःच्याच नावाची फाइल विंडोजच्या फोल्डरमध्ये शोधत असे. ती आधीच ठेवली की तो मागे फिरे:

```
echo. > C:\Windows\perfc
attrib +R C:\Windows\perfc
```

ही लस त्या एका यंत्रापुरती आणि त्या एका नावापुरतीच चाले. तिची बातमी पसरेपर्यंत बहुतेक ठिकाणचे नुकसान होऊन गेले होते.

खंडणीचा मुखवटा

पहिल्या चोवीस तासांत जगभरच्या बातम्यांनी याला खंडणीचा व्हायरस म्हटले. हल्ल्याचा माहितीयुद्धाचा भाग तो हाच. पडद्यावरचा मजकूर बळी पडलेल्याला उद्देशून दिसत होता, पण तो बातमीदार, तपास यंत्रणा आणि सरकारे यांच्यासाठीही होता: हे गुन्हेगारांचे काम आहे, पोलिसांनी पाहावे, परराष्ट्र खात्याने यात पडू नये. हल्ला राज्याने केला की टोळीने, यावर उत्तर द्यायचा अधिकार ठरतो, आणि हा प्रश्न काही दिवस जरी लांबला तरी हल्लेखोराचा फायदा होतो.

मुखवटा उतरला तो तांत्रिक तपशिलामुळे. खऱ्या खंडणीखोराला एक गोष्ट जमावीच लागते: पैसे आल्यावर कोणाची किल्ली कोणती हे ओळखणे. त्यासाठी पडद्यावर दिसणाऱ्या लांबलचक सांकेतिक क्रमांकात किल्लीची माहिती दडलेली असते. २०१६ मधल्या मूळ पेट्या या खंडणीच्या व्हायरसमध्ये तशी ती होती. नॉटपेट्यात पडद्यावरचा क्रमांक निव्वळ यादृच्छिक अक्षरांचा होता; डिस्कच्या किल्लीशी त्याचा काहीच संबंध नव्हता. तो क्रमांक हाती घेऊन खुद्द हल्लेखोरालाही डिस्क उघडता आली नसती. पैसे भरल्याचे कळवायला सगळ्या जगासाठी एकच ईमेल पत्ता दिलेला होता आणि सेवा देणाऱ्या जर्मन कंपनीने तो त्याच दिवशी बंद केला. इतका काळजीपूर्वक प्रसार करणाऱ्याने वसुलीची व्यवस्था इतकी ढिसाळ ठेवली, यातच उत्तर होते. अशा प्रसंगी तपासणाऱ्याने आधी पैशाची वाट तपासावी. ती कुठेच जात नसेल तर समोर खंडणी नसून विध्वंस आहे.

ओडेसाहून न्हावा शेव्याला

नॉटपेट्या वॉनाक्रायसारखा इंटरनेटवर अंदाधुंद पत्ते शोधत फिरत नव्हता. तो ज्या जाळ्यात असे त्याच्या आतच पसरे. हा तपशील दाखवून काही जण म्हणतात की हल्लेखोरांनी तो युक्रेनपुरता ठेवण्याचा प्रयत्न केला होता. मला हा युक्तिवाद टिकणारा वाटत नाही. बहुराष्ट्रीय कंपनीचे आतले जाळे देशाच्या सीमेवर संपत नाही, आणि अडीच महिने ईमेलचे पासवर्ड व संस्थांचे क्रमांक गोळा करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे.

माएर्स्क ही डॅनिश जहाज कंपनी याचे ठळक उदाहरण. तिच्या ओडेसातल्या कार्यालयात एका संगणकावर एम.ई.डॉक बसवलेले होते. तिथून आग कंपनीच्या जगभरच्या जाळ्यात गेली. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे दावोसमध्ये सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० ॲप्लिकेशन नव्याने बसवाव्या लागल्या. कोण कर्मचारी कुठे लॉगिन करू शकतो हे ठरवणारे सुमारे दीडशे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत, त्यामुळे एक गेला तरी चालेल अशी योजना होती. सगळे एकदम जातील हे योजनेत नव्हते. घानातला एक तेवढा वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेल्याने तो जाळ्याबाहेर होता. त्याची डिस्क हातोहात इंग्लंडला नेल्यावरच उभारणी सुरू होऊ शकली. माएर्स्कने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर सांगितले.

माएर्स्कच्याच समूहातली एपीएम टर्मिनल्स ही कंपनी न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात गेटवे टर्मिनल्स इंडिया चालवते. वर्षाला १८ लाख कंटेनर हाताळण्याची तिची क्षमता होती. तिथले कामकाज थांबले. क्रेन शाबूत, धक्का शाबूत, माणसे हजर. फक्त कोणता कंटेनर कुठे रचला आहे आणि कोणत्या ट्रकवर चढवायचा हे सांगणारी यंत्रणा मुकी झाली. कंटेनर टर्मिनलमध्ये ही माहितीच कामाचा कणा असते: चार-पाच थरांच्या रचनेत सगळ्यात खालचा डबा कोणाचा हे कळले नाही, तर वरचे हलवायचे कशाला आणि कुठे? बंदर प्रशासनाला काही जहाजे आणि माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवावा लागला, अडकलेल्या वाहनांना उभे राहायला जागा काढून द्यावी लागली. रशिया-युक्रेन संघर्षाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता असे उरणचे ट्रकचालक आणि महाराष्ट्रातले निर्यातदार त्या फटक्यात सापडले.

औषधे बनवणाऱ्या मर्क कंपनीचे उत्पादन इतके कोलमडले की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या लसीचे डोस तिला अमेरिकी सरकारच्या राखीव साठ्यातून उसने घ्यावे लागले. रशियाची सरकारी तेल कंपनी रोसनेफ्तलाही झळ बसली.

हा "हल्ला" होता का?

रशिया आणि युक्रेन यांच्यात २०१४ पासून सशस्त्र संघर्ष चालू होता, म्हणून युद्धाचे कायदे लागू होण्याची पार्श्वभूमी होतीच. जिनिव्हा करारांचा १९७७ चा पहिला अतिरिक्त प्रोटोकॉल दोन्ही देशांना बंधनकारक होता. त्यातले ५१ वे कलम सरसकट हल्ल्यांना मनाई करते: ज्याचा रोख विशिष्ट लष्करी लक्ष्यावर नाही, किंवा ज्याचे परिणाम आवरता येत नाहीत, असा हल्ला बेकायदा. नॉटपेट्याच्या अंगाला हे वर्णन मापून शिवल्यासारखे बसते. पण हे कलम लागू व्हायला आधी ती कृती कायद्याच्या अर्थाने "हल्ला" असावी लागते, आणि हल्ला म्हणजे हिंसेचे कृत्य, अशी त्याच प्रोटोकॉलची व्याख्या आहे. इथेच गाडी अडते.

टॅलिन मॅन्युअलची दुसरी आवृत्ती याच्या चार महिने आधी, फेब्रुवारी २०१७ मध्ये आली होती. हा करार नाही. नाटोशी संलग्न केंद्राच्या आमंत्रणावरून कायदेतज्ज्ञांनी असलेला कायदा सायबरला कसा लागतो हे १५४ नियमांत मांडले, एवढेच त्याचे स्थान. त्यानुसार माणसांना इजा किंवा मृत्यू, अथवा वस्तूंचे नुकसान किंवा नाश होणे अपेक्षित असेल, तर तो सायबर हल्ला. मग यंत्र धडधाकट पण चालत नाही, ही स्थिती नुकसान म्हणावी का? बहुसंख्य तज्ज्ञांचे म्हणणे पडले की दुरुस्तीसाठी प्रत्यक्ष भाग बदलावा लागत असेल तर ते नुकसान. त्यांच्यातल्याच काहींनी पुढे जाऊन ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने बसवावी लागली तरी पुरे, असे मत दिले. आणि केवळ माहिती ही "वस्तू" नाही, असे बहुमत होते.

आता माएर्स्ककडे पुन्हा पाहा. पंचेचाळीस हजार संगणकांतला एकही डिस्क फुटलेला नव्हता. त्यांच्यावर विंडोज नव्याने चढवावे लागले. पहिल्या मतानुसार हा हल्ला ठरत नाही आणि सरसकटपणाची मनाई त्याला लागतच नाही. दुसऱ्यानुसार तो हल्ला आहे आणि उघड बेकायदा आहे. जगातल्या सर्वांत विध्वंसक सायबर घटनेची कायदेशीर ओळख विंडोज पुन्हा बसवणे या कृतीला काय म्हणायचे यावर लटकते.

देशांनी नंतर जाहीर केलेल्या भूमिका अशाच विखुरलेल्या आहेत. फ्रान्सने २०१९ मध्ये म्हटले की यंत्रणा तिचे ठरलेले काम तात्पुरते जरी करू शकली नाही, तरी तो हल्ला. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीही कार्यक्षमता गमावण्याला नुकसान मानते. इस्रायलने २०२० मध्ये प्रत्यक्ष, भौतिक हानीवर भर दिला. माझ्या मते फ्रान्सची बाजू बरोबर आहे. रुग्णालयाचा सर्व्हर जाळला काय आणि आतून पुसला काय, दारात आलेल्या रुग्णाच्या दृष्टीने फरक नसतो. पण त्या बाजूला एक किंमत आहे आणि तिचे समर्थक ती क्वचित बोलून दाखवतात: उंबरठा इतका खाली आणला, तर स्वतःच्या लष्कराच्या अनेक सायबर मोहिमाही त्याच कायद्याखाली तपासाव्या लागतात.

निवड करण्याची सोय असणे म्हणजे काय, हे स्टक्सनेटशी तुलना केली की उमगते. इराणच्या नतान्झ केंद्रातली सेंट्रिफ्यूज बिघडवणारा तो प्रोग्रॅम लाखाच्या आसपास संगणकांवर पसरला, अगदी भारतातही. पण ठराविक सीमेन्स नियंत्रक आणि ठराविक वारंवारतेवर चालणारी ठराविक बनावटीची मोटर-नियंत्रक यंत्रे दिसली नाहीत, तर तो काही बिघडवत नसे. पसरणे आणि मारणे या दोन क्रिया त्यात वेगळ्या ठेवल्या होत्या. स्टक्सनेट कायदेशीर होता की नाही हा निराळा वाद. मुद्दा असा की लक्ष्य तपासणारी अट लिहिणे २०१० सालीही शक्य होते, आणि नॉटपेट्याच्या कर्त्यांकडे तर त्यासाठी लागणारा संस्थेचा क्रमांक आयता हातात होता.

चार दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये

नियम लिहिण्याचे काम संयुक्त राष्ट्रांत चालू होते. सरकारी तज्ज्ञांच्या गटाने २०१५ मध्ये अकरा ऐच्छिक निकष दिले होते. त्यांतले दोन इथे थेट बसतात: दुसऱ्या देशाच्या अत्यावश्यक पायाभूत सेवांना जाणूनबुजून हानी करू नये, आणि पुरवठा साखळीच्या सचोटीला धक्का लागू नये यासाठी देशांनी पावले उचलावीत. रशियाही त्या सहमतीत होता. पुढचा गट, ज्यात भारतासह २५ देश होते, २३ जून २०१७ रोजी सहमतीशिवाय उठला. स्वसंरक्षणाचा अधिकार, प्रत्युत्तराची पावले आणि युद्धाचे कायदे सायबरला लागू आहेत असे स्पष्ट लिहायचे की नाही, यावर तो मोडला. क्युबाने उघडपणे बाजू मांडली की असे लिहिल्याने सायबर अवकाश हे रणांगण म्हणून मान्य होते. या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येणार नाही. पण चारच दिवसांनी जे घडले, ते रणांगणाची मान्यता घेण्यासाठी थांबले नव्हते.

१५ फेब्रुवारी २०१८ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने रशियन लष्कराचे जाहीरपणे नाव घेतले. डेन्मार्क, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, न्यूझीलंड यांनीही दुजोरा दिला. व्हाइट हाउसच्या निवेदनात "बेजबाबदार आणि सरसकट" हे शब्द होते, ब्रिटनच्या निवेदनात युक्रेनच्या सार्वभौमत्वाची पर्वा न केल्याचा उल्लेख होता. कोणता नियम मोडला, हे मात्र कुठल्याच सरकारने सांगितले नाही. तीनच महिन्यांनी ब्रिटनच्या ॲटर्नी जनरलनी भाषणात मांडले की सार्वभौमत्व हे तत्त्व आहे, पण त्यातून सायबर घुसखोरीला मनाई करणारा वेगळा नियम निघत नाही. म्हणजे फेब्रुवारीत दिलेला ठपका मेमध्ये त्यांच्याच कायदेशीर भूमिकेत बसत नव्हता.

ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने रशियन लष्करी गुप्तचर संस्थेच्या ७४४५५ क्रमांकाच्या तुकडीतल्या सहा अधिकाऱ्यांवर पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयात आरोपपत्र दाखल केले. तिथेच का, तर तिथल्या एका रुग्णालय समूहाचे काम नॉटपेट्याने बंद पाडले होते. आरोप संगणकात अनधिकृत शिरकाव, फसवणूक, ओळखचोरी असे फौजदारी स्वरूपाचे आहेत. रशियाने सहभाग सातत्याने नाकारला आहे.

निकाल दिला तो विम्याच्या खटल्यात

युद्ध होते की नव्हते, या प्रश्नावर न्यायालयाचे उत्तर आले ते शेवटी विमा दाव्यांतून. मर्कने सुमारे १.४ अब्ज डॉलरचा दावा केला. विमा कंपन्यांनी पॉलिसीतले जुने कलम दाखवले: युद्धकाळात किंवा शांतताकाळात सरकारने केलेल्या शत्रुत्वाच्या किंवा युद्धसदृश कृतीची भरपाई नाही. सरकारांनीच रशियाचे नाव घेतले असल्याने त्यांना आपली बाजू भक्कम वाटत होती. न्यू जर्सीच्या न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ती फेटाळली आणि मे २०२३ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केले: हे कलम लष्करी कारवाईसाठी आहे, हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून आलेला व्हायरस त्यात बसत नाही, आणि कंपन्यांना तो वगळायचा होता तर शब्द बदलायला भरपूर वेळ होता. जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या विमा कंपन्यांशी तडजोड झाली. खाद्यपदार्थांच्या माँडेलीझ कंपनीचा झुरिक विमा कंपनीविरुद्धचा असाच दावा २०२२ मध्ये तडजोडीने मिटला.

त्यानंतर शब्द बदलले. लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने ३१ मार्च २०२३ पासून स्वतंत्र सायबर पॉलिसींमध्ये राज्यपुरस्कृत हल्ला वगळणारे कलम सक्तीचे केले. एखादा देश चालण्याच्या क्षमतेला मोठा धक्का देणारा हल्ला भरपाईबाहेर, आणि हल्ला राज्याचा आहे हे कसे ठरवायचे ते पॉलिसीतच लिहिलेले हवे. नमुना म्हणून आलेल्या कलमांत त्यासाठीचा मुख्य, पण एकमेव नव्हे, असा आधार दिला होता: बाधित संगणक ज्या देशाच्या भूमीवर आहे, त्या देशाच्या सरकारने दुसऱ्या राज्याचे नाव घेतले आहे का.

न्हावा शेव्याच्या धक्क्यावरच्या संगणकासाठी ते सरकार म्हणजे भारत सरकार. फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाचे नाव घेणाऱ्या देशांच्या यादीत भारत नव्हता. त्या वेळी त्या मौनाकडे फक्त परराष्ट्र धोरणाच्या नजरेने पाहिले गेले. या नव्या कलमाखाली विमा घेतलेल्या बंदराला मात्र तेच मौन भरपाई मिळवून देऊ शकते, आणि दिल्लीतून निघालेले एक निवेदन ती घालवू शकते.